उदाहरणाचा रकाना: आंतरराष्ट्रीय संबंधांच्या तक्त्यात नेमकं कुठे चुकतं

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या सिद्धांतांचा तक्ता साधारण एकाच साच्याचा असतो. डावीकडे सिद्धांताचं नाव, मग मूळ गृहीतक, मग मुख्य दावा आणि शेवटी एक उदाहरण. अभ्यासाला सुरुवात करणाऱ्याला तो उपयोगी पडतो, यात वाद नाही. आक्षेप आहे तो शेवटच्या रकान्यावर. तिथे प्रत्येक सिद्धांतापुढे त्याला सर्वांत सोयीची घटना लिहिलेली असते. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की चारही सिद्धांत आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि जगातल्या घटनाही त्यांच्यात वाटून दिल्या आहेत: युद्ध आलं की वास्तववाद, करार आला की उदारमतवाद, विचार बदलले की रचनावाद, कर्ज आलं की मार्क्सवाद. सिद्धांतांमधलं भांडण असं वाटणीने मिटत नाही. ते एकाच घटनेवरून होतं, आणि तक्त्याने नेमकं तेच लपवलेलं असतं.

नेहमीचा तक्ता थोडक्यात असा दिसतो:

| सिद्धांत | मूळ गृहीतक | मुख्य दावा | नेहमी दिलं जाणारं उदाहरण |
|---|---|---|---|
| वास्तववाद | राज्यांच्या वर कोणतीही सत्ता नाही, प्रत्येकाला स्वतःची सुरक्षा स्वतःच पाहावी लागते | राज्यांचं वागणं सत्तेच्या वाटपावरून ठरतं | १९६२ चा क्यूबा क्षेपणास्त्र पेच |
| उदारमतवाद | राज्यांचे हितसंबंध देशांतर्गत समाज, व्यापार आणि संस्था यांतून घडतात | परस्परावलंबन आणि संस्था यांमुळे सहकार्य टिकतं | १९५१ चा युरोपीय कोळसा व पोलाद समुदायाचा करार |
| रचनावाद | हितसंबंध आणि ओळख आधीपासून ठरलेल्या नसतात, त्या परस्पर व्यवहारातून घडतात | कल्पना आणि निकष बदलले की राज्यांचं वागणं बदलतं | शीतयुद्धाचा शेवट |
| मार्क्सवादी दृष्टी | जागतिक भांडवली अर्थव्यवस्था हीच मूळ चौकट | श्रीमंत केंद्र आणि गरीब परीघ यांतली विषमता राजकारण घडवते | १९८२ चं मेक्सिकोचं कर्जसंकट |

अनेक तक्त्यांत गृहीतकांच्या रकान्यात दोन गफलती इतक्या रुळल्या आहेत की त्यांची दखल घेऊनच पुढे जायला हवं. पहिली गफलत म्हणजे वास्तववादापुढे ‘माणूस स्वभावतः स्वार्थी असतो’ असं लिहिणं. हे मॉर्गेन्थाऊ यांच्यासारख्या आधीच्या वास्तववादी अभ्यासकांच्या पिढीचं गृहीतक आहे. १९७९ मध्ये केनेथ वॉल्ट्झ यांनी मांडलेल्या संरचनात्मक वास्तववादाला मानवी स्वभावाची गरजच पडत नाही, राज्यांच्या वर कोणी नाही एवढी एकच अट त्याला पुरते. दुसरी गफलत ‘अराजकता’ या शब्दाची. मराठीत हा शब्द कानावर पडला की डोळ्यांसमोर दंगल आणि जाळपोळ येते. सिद्धांतात त्याचा अर्थ इतकाच, की राज्यांवर हुकूम चालवणारं वरिष्ठ शासन नाही. या अर्थाने दोन शेजारी देश शंभर वर्षं शांततेत राहिले, तरी त्यांच्यातली स्थिती ‘अराजक’च असते. हे लक्षात घेतलं नाही, तर शांततेचं कोणतंही उदाहरण वास्तववादाविरुद्ध पुरावा वाटू लागतं, आणि तो तसा नसतो.

उदाहरणाच्या रकान्यासाठी माझा प्रस्ताव साधा आहे. चारही ओळींत एकच घटना ठेवावी आणि प्रत्येक सिद्धांताला दोन गोष्टी विचाराव्यात: या घटनेत तू कोणत्या पुराव्याकडे बोट दाखवशील, आणि कोणता पुरावा सापडला तर तुझी पंचाईत होईल? यासाठी मी शीतयुद्धाचा शेवट निवडतो. नेहमीच्या तक्त्यांत तो सरसकट रचनावादाच्या नावावर लिहिलेला असतो, त्यामुळे तो खरंच त्याच्या मालकीचा आहे का हे तपासण्यासारखं आहे.

तपासायला बसलं की पहिली अडचण समोर येते. ‘शीतयुद्धाचा शेवट’ ही मुळात एक घटना नाहीच. सोव्हिएत संघाने १९८५ नंतर माघारीचं धोरण का धरलं, हा एक प्रश्न. १९८९ मध्ये पूर्व युरोपातली सरकारं कोसळत असताना मॉस्कोने रणगाडे का पाठवले नाहीत, हा दुसरा. १९९० मध्ये एकत्रित जर्मनी नाटोत राहायला मॉस्को राजी कशी झाली, हा तिसरा. आणि डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघच का विसर्जित झाला, हा चौथा. या चारांची उत्तरं एक असतीलच असं नाही. रकान्यात नुसतं घटनेचं नाव लिहिलं की प्रत्येक सिद्धांत यातला आपल्याला जमणारा प्रश्न गुपचूप निवडतो आणि जिंकल्याचं सांगतो. म्हणून घटनेच्या नावाऐवजी प्रश्न लिहावा. आपण दुसरा प्रश्न घेऊ: १९८९ मध्ये रणगाडे का आले नाहीत?

हा प्रश्न चांगला आहे, कारण तुलनेला आधीचे प्रसंग हाताशी आहेत. नोव्हेंबर १९५६ मध्ये हंगेरीत आणि ऑगस्ट १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात सोव्हिएत फौजा घुसल्या होत्या. १९८९ मध्ये मात्र ४ जूनच्या निवडणुकीत पोलंडच्या सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेने कनिष्ठ सभागृहातल्या खुल्या ठेवलेल्या जवळजवळ सगळ्या जागा जिंकल्या, ऑगस्टमध्ये तिथे बिगर-कम्युनिस्ट पंतप्रधान आला, ११ सप्टेंबरला हंगेरीने ऑस्ट्रियाची सीमा पूर्व जर्मन नागरिकांसाठी खुली केली आणि ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली. या सगळ्या काळात एकट्या पूर्व जर्मनीत तीन लाखांहून अधिक सोव्हिएत सैनिक होते. ते छावण्यांतच राहिले.

वास्तववादी याचं कारण ताकदीच्या उतरणीत शोधतो. सोव्हिएत अर्थव्यवस्थेची वाढ सत्तरच्या दशकापासून मंदावत होती, लष्करी खर्चाचं ओझं मोठं होतं, अफगाणिस्तानातलं युद्ध फेब्रुवारी १९८९ पर्यंत चाललं. परकीय चलन मिळवून देणाऱ्या तेलाचा भाव १९८५ च्या अखेरीपासून १९८६ च्या मध्यापर्यंत निम्म्याहून खाली आला. साम्राज्य राखण्याचा खर्च झेपेना, म्हणून ते सोडलं, असा हा युक्तिवाद. तो वजनदार आहे, आणि त्याच्या बाजूने एक असा पुरावा आहे जो बहुतेक तक्त्यांत कधीच दिसत नाही.

तो पुरावा १० डिसेंबर १९८१ चा आहे. पोलंडमध्ये सॉलिडॅरिटीचा जोर वाढला होता आणि मॉस्कोत कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च समितीची, म्हणजे पॉलिटब्युरोची बैठक बसली होती. तिचं इतिवृत्त पुढे उघड झालं. त्यात केजीबीचे प्रमुख आंद्रोपोव्ह स्पष्ट म्हणतात की पोलंडमध्ये फौजा पाठवण्याचा आपला इरादा नाही, मग पोलंड सॉलिडॅरिटीच्या हाती गेला तरी चालेल. कारण म्हणून ते पाश्चात्त्य देशांच्या आर्थिक आणि राजकीय निर्बंधांची भीती सांगतात, आणि आपल्या स्वतःच्या देशाची काळजी आधी घ्यायला हवी असं म्हणतात. तीन दिवसांनी पोलंडचेच सत्ताप्रमुख यारुझेल्स्की यांनी लष्करी कायदा पुकारला आणि प्रश्न तात्पुरता सुटला. गोर्बाचेव्ह सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस व्हायला तेव्हा तीन वर्षांहून अधिक काळ बाकी होता. बैठकीतली माणसं त्यांनी पुढे आणलेल्या ‘नव्या विचारसरणी’ची मुळीच नव्हती. म्हणजे रणगाडे न पाठवण्याचा कल कल्पना बदलण्याच्या आधीच, निव्वळ खर्चाच्या हिशेबाने आलेला होता. रचनावादाच्या ओळीत शीतयुद्धाचा शेवट लिहिणाऱ्याने ही तारीख त्याच चौकोनात लिहायला हवी, कारण तिच्याशी झटापट केल्याशिवाय ते उदाहरण त्याचं ठरत नाही.

पण वास्तववाद्याचीही सुटका होत नाही. उतरणीला लागलेली सत्ता मुकाट्याने मागे हटते, असा काही नियम नाही. १९१४ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने आपली घसरण थांबवण्यासाठीच युद्ध पत्करलं होतं. घसरण माघारीलाही कारण ठरू शकते आणि आक्रमणालाही, मग १९८९ मध्ये पहिलंच का झालं? शिवाय १९८१ आणि १९८९ यांत एक ठळक फरक आहे. १९८१ मध्ये मॉस्कोला स्वतःचे रणगाडे नको होते, पण पोलिश सरकारने दडपशाही करावी म्हणून तिचा सतत दबाव होता. १९८९ मध्ये तो दबावही उरला नाही. खर्चाच्या हिशेबाने पहिली गोष्ट कळते, दुसरी कळत नाही, कारण दुसऱ्याच्या पोलिसांकडून दडपशाही करवून घेण्यात मॉस्कोचा फारसा खर्च नव्हता. एक गोष्ट मात्र वॉल्ट्झ यांच्या बाजूने नोंदवायला हवी. आपला सिद्धांत एखाद्या देशाने एखाद्या दिवशी घेतलेला निर्णय सांगण्यासाठी नाही, असं ते स्वतःच म्हणत आले. तो दीर्घकाळाच्या आकृतिबंधाबद्दल बोलतो. त्यामुळे तक्ता करणारा त्यांच्यापुढे एकच घटना लिहितो, तेव्हा त्यांनी न केलेला दावा तो त्यांच्या माथी मारत असतो.

राहिलेला फरक रचनावादी उचलतो. ७ डिसेंबर १९८८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गोर्बाचेव्ह यांनी सांगितलं की आपली व्यवस्था निवडण्याचं स्वातंत्र्य हे सर्वांना लागू असलेलं तत्त्व आहे आणि त्याला अपवाद नसावेत. त्याच भाषणात त्यांनी पाच लाख सैनिकांची एकतर्फी कपात जाहीर केली, आणि पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया व हंगेरीतून ५०,००० सैनिक व ५,००० रणगाडे कमी करण्याचं वचन दिलं. नुसती तत्त्वाची भाषा असती तर ती प्रचार म्हणून सोडून देता आली असती. आकड्यांमुळे तसं करता येत नाही, कारण रणगाडे प्रत्यक्ष मागे न्यावे लागतात आणि ते गेले की नाही हे समोरच्याला मोजता येतं.

तरीही भाषण हा रचनावादाचा पुरावा आपोआप होत नाही, आणि विद्यार्थ्यांची इथेच सर्वाधिक चूक होते. नेत्याने तत्त्वाची भाषा वापरली म्हणजे तत्त्वाने निर्णय घडवला, असं नव्हे. पाहायचं असतं ते हे, की बंद दाराआड, जिथे कोणावर छाप पाडायची नाही तिथेही, तीच भाषा वापरली जाते का. पॉलिटब्युरोच्या बैठकीत फक्त खर्चाचे आकडे आणि व्यासपीठावर फक्त तत्त्वं असतील, तर रचनावादी दावा ढिला पडतो. आतल्या चर्चेतही ‘आपण कोण आहोत, आपल्याला काय शोभतं’ असा युक्तिवाद येत असेल, तर तो भक्कम होतो. गोर्बाचेव्ह आणि त्यांच्या जवळच्या सल्लागारांच्या ज्या नोंदी उपलब्ध आहेत, त्यांत दोन्ही सूर आढळतात. म्हणूनच या विषयातला वाद अजून जिवंत आहे.

रचनावादाला अडचणीत आणणारा पुरावा पूर्व युरोपात नाही, सोव्हिएत संघाच्या आतच आहे. एप्रिल १९८९ मध्ये जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीत निदर्शकांवर सैन्य सोडलं गेलं. १३ जानेवारी १९९१ रोजी लिथुआनियाच्या विल्निअस शहरात दूरचित्रवाणी मनोऱ्यापाशी सैन्याने केलेल्या कारवाईत १४ नागरिक मारले गेले. बळाचा वापर करायचा नाही हा निकष खोलवर मुरला होता, तर तो वॉर्सासाठी होता आणि विल्निअससाठी का नव्हता? रचनावादी याचं उत्तर देऊ शकतो: मॉस्कोच्या नजरेत पोलंड ‘दुसरा देश’ होता आणि लिथुआनिया ‘आपलाच भाग’, निकष दुसऱ्या देशांबद्दलचा होता. उत्तर पटण्यासारखं आहे. पण ते दिल्यानंतर दावा आटोपशीर होतो. ‘कल्पना बदलल्या म्हणून शीतयुद्ध संपलं’ हे वाक्य मागे पडतं आणि ‘कोणाला परकं मानायचं याची रेषा हलली’ हे पुढे येतं. हे दुसरं वाक्य कितीतरी अधिक अचूक आहे, आणि तक्त्यात तेच यायला हवं.

उदारमतवादी आणि मार्क्सवादी या दोघांचं या घटनेतलं काम पाहताना गंमत अशी की दोघेही एकाच कागदाकडे बोट दाखवतात, कर्जाच्या वहीकडे. पोलंड आणि हंगेरीने सत्तरच्या दशकात पाश्चात्त्य बँका आणि सरकारांकडून मोठी कर्जं घेतली होती. १९८९ पर्यंत पोलंडचं परकीय कर्ज सुमारे ४० अब्ज डॉलरांवर गेलं होतं. उदारमतवादी म्हणतो, या व्यवहारामुळे दडपशाहीची किंमत वाढली, आणि १ ऑगस्ट १९७५ रोजी ३५ देशांनी सही केलेल्या, मानवी हक्क पाळण्याचं वचन देणाऱ्या हेलसिंकी अंतिम दस्तऐवजाने विरोधकांना आपल्याच सरकारच्या सहीचा आधार मिळाला. १९७७ मध्ये चेकोस्लोव्हाकियात मानवी हक्कांची मागणी करणारी ‘सनद ७७’ काढणाऱ्यांनी त्याचाच हवाला दिला होता. मार्क्सवादी म्हणतो, ते परस्परावलंबन नव्हतंच. अटी एकाच बाजूने ठरत होत्या. कच्चा माल विकून यंत्रं घेणारा हा प्रदेश भांडवली अर्थव्यवस्थेच्या कडेला आधीच बांधला गेला होता, १९८९ मध्ये फक्त राजकीय पाटी बदलली.

या दोघांची परीक्षा रोमानियात होते. तिथले हुकूमशहा चाउशेस्कू यांनी ऐंशीच्या दशकात जनतेचं अन्न आणि उष्णता तोडून जवळजवळ सगळं परकीय कर्ज फेडलं आणि एप्रिल १९८९ मध्ये ते फिटल्याचं जाहीर केलं. सोव्हिएत फौजाही तिथून १९५८ मध्येच गेलेल्या होत्या. म्हणजे बाहेरच्या कोणत्याही सावकाराचा किंवा मॉस्कोचा फार धाक नसलेलं हे सरकार होतं, आणि पूर्व युरोपातलं हेच सरकार डिसेंबर १९८९ मध्ये आपल्याच लोकांवर गोळ्या झाडत कोसळलं. हजाराहून अधिक माणसं मेली. कर्जात बांधलेल्या पोलंड आणि हंगेरीत वाटाघाटी झाल्या, कर्जमुक्त रोमानियात रक्तपात. बदल कोणत्या रीतीने झाला, हे समजायला उदारमतवादाची ओळ इथे खरंच उपयोगी पडते. सरकार मुळात पडलं का, हे मात्र तिने सांगता येत नाही, कारण रोमानियाचंही पडलंच. मार्क्सवादी मांडणीला रणगाड्यांच्या प्रश्नात फार जागा नाही. तिचं बळ पुढच्या वर्षी दिसतं, जेव्हा १ जानेवारी १९९० पासून पोलंडमध्ये किंमतनियंत्रण उठवणारा आर्थिक कार्यक्रम सुरू झाला आणि कर्जमाफीच्या वाटाघाटी त्या कार्यक्रमाशी जोडल्या गेल्या. प्रश्न बदलला की तिची ओळ भरीव होते, आणि हे तक्त्यात लिहिणं तिला कमी लेखणं नव्हे.

आता माझा स्वतःचा निवाडा, कारण असा तक्ता करून ‘सर्वांचं थोडं थोडं बरोबर’ म्हणणं म्हणजे केलेलं काम पुसून टाकणं आहे. रणगाड्यांच्या प्रश्नावर वास्तववाद पाया घालतो: डिसेंबर १९८१ च्या बैठकीनंतर सोव्हिएत हस्तक्षेप हा नेहमीचा पर्याय राहिला नव्हता, आणि त्याचं कारण पैसा आणि ताकद होतं. पण रणगाडे न पाठवणं आणि दुसऱ्याला दडपशाही करू न सांगणं, यांतलं अंतर रचनावादाशिवाय भरून निघत नाही. उदारमतवाद कुठे शांततेत झालं आणि कुठे नाही ते उलगडतो. हा क्रम दुसऱ्या घटनेला जसाच्या तसा लावू नये. शीतयुद्धाचा शेवट एकट्या रचनावादाच्या नावावर करणारा तक्ता मात्र चुकीचा आहे.

क्रम किती चटकन बदलतो, हे पाहायचं तर तिसरा प्रश्न घ्या: एकत्रित जर्मनी नाटोत राहायला मॉस्को कशी तयार झाली? सप्टेंबर १९९० मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोल यांनी सोव्हिएत फौजांच्या माघारीसाठी १२ अब्ज मार्क आणि वर ३ अब्ज मार्कांचं बिनव्याजी कर्ज द्यायचं मान्य केलं. १२ सप्टेंबरच्या करारात जर्मन सैन्याची मर्यादा ३,७०,००० ठरली, आणि पूर्वेकडच्या भागात परकीय फौजा वा अण्वस्त्रं न ठेवण्याची अट आली. निवडीच्या स्वातंत्र्याचं तत्त्व इथेही उच्चारलं गेलं, पण टेबलावर होते पैसे, सैनिकांची संख्या आणि हमी. या चौकोनात पहिलं नाव वास्तववादाचं लिहावं लागतं, दुसरं उदारमतवादाचं, आणि रचनावाद्याला १५ अब्ज मार्कांचं काय करायचं ते आधी सांगावं लागतं.